लग्नाच्या मांडवात तंबाखूची तलफ आली तर?

आजचा भाग तंबाखू सोडून दहा-पंधरा दिवस झालेल्यांसाठी आहे. घरी निभतं. घोळ होतो तो सुरतहून गाडीत बसल्यावर, हळदीत, कानबाईच्या जागरणात. पारोळ्यात रेल्वे नाही, अमळनेरला उतरून पुढे यायचं, म्हणजे तलफेला मोकळा वेळ भरपूर!

तलफ लाटेसारखी येते. चढते आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ओसरते, तुम्ही चिमूट घ्या की नका घेऊ. त्या मिनिटांसाठी खिशात निकोटीन गम ठेवा. पण तो साध्या च्युइंगमसारखा चावत सुटू नका, तिथंच सगळे फसतात.

तंबाखूत चुना का मळतात? चुन्यामुळे तोंडातला आम्लपणा कमी होतो आणि निकोटीन गालातून लवकर रक्तात जातं. गमही तसंच चालतं. तोंड आंबट असेल तर निकोटीन गालातून जात नाही, लाळेसोबत पोटात जातं. मग मळमळ होते, उचकी लागते आणि तलफ तशीच राहते. माणूस म्हणतो, "गम काही कामाचा नाही."

म्हणून चहा, कॉफी, लिंबू सरबत घेतल्यावर १५ मिनिटं थांबा. गम हळू चावा. तिखट झिणझिण्या आल्या की थांबा, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावा. असं अर्धा तास.

आता समजा, सकाळी सुरतहून निघालात. स्टेशनवर चहावाला येणारच. चहा घ्या, तोंड धुवा, पंधरा मिनिटांनी गम. मांडवातही तसंच: जेवण झालं की तोंड धुवा, पंधरा मिनिटांनी गम गालात, कारण जेवणानंतरच पुड्या निघतात. कुणी म्हटलं, "ले ना भो, एक चिमूट," तर सरळ सांगा, "तोंडात गोळी शे." गालात काहीतरी आहे म्हटल्यावर आग्रह तिथंच संपतो. व्यसनमुक्तीवर भाषण द्यायची गरज नाही.

जागरणाच्या रात्री गम मोजून ठेवा. सुरुवातीला एक-दोन तासांनी एक, असा साधारण हिशोब असतो. एकामागून एक चावू नका. छातीत धडधड, चक्कर, मळमळ झाली तर जास्त झालं समजा आणि थांबा. २ मिलिग्राम की ४, हे डॉक्टरला विचारा. उठल्या-उठल्या तंबाखू लागायची त्यांना कमी ताकदीचा गम पुरत नाही. हृदयविकार असेल, गरोदर असाल किंवा वय अठराच्या आत असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका.

आणि चिमूट गेलीच तोंडात? थुंका, चूळ भरा, पुडी परत द्या. "आता मोडलंच आहे, लग्न होईपर्यंत चालू दे" हा विचार त्या चिमटीपेक्षा महाग पडतो.

मदत हवी तर राष्ट्रीय क्विटलाइनचा टोल-फ्री नंबर लिहून घ्या: १८००-११-२३५६. प्रवासाला निघायच्या आधीच फोन करा. भेटू पुढच्या भागात.