नामंजुरीचे ईमेल

कचेरीच्या कामासाठी स्वतःच्या खिशातून खर्च करून आलेल्या माणसाला हिशेब खात्याकडून नकाराचे ईमेल जाते, तेव्हा नियम कितीही रास्त असला तरी त्याच्या मनात पहिली शंका येते ती आपल्या सचोटीवर संशय घेतला गेला की काय, ही. आणि ही शंका बहुधा नियमामुळे नव्हे, तर ज्या वाक्यांतून तो नियम कळवला जातो त्यांच्यामुळे उत्पन्न होते.

एक कल्पित पण नित्याचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका कंपनीतील गृहस्थ डिसेंबरात तीन रात्री नागपूरला राहून आले आणि त्यांनी १६,९६० रुपयांचा दावा सादर केला: हॉटेलचे रोज ४,२०० प्रमाणे १२,६००, रेल्वेचे २,३६० आणि जेवणखाणाचे २,०००. त्यांना उत्तर आले ते असे: “आपला दावा धोरणानुसार नामंजूर करण्यात येत आहे. आपण मर्यादेचे उल्लंघन केले असून आवश्यक कागदपत्रेही जोडलेली नाहीत. यापुढे नियम वाचूनच दावे सादर करावेत.”

या मजकुरातला मोठा दोष भाषेच्या कठोरपणाचा नसून हिशेबाचा आहे. येथे एका ‘नामंजूर’ शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. रेल्वेभाड्याविषयी काहीच आक्षेप नाही. हॉटेलची मर्यादा रोज ३,५०० असल्याने १०,५०० देय आहेत आणि वरचे २,१०० तेवढे देता येत नाहीत. जेवणाच्या २,००० रुपयांबद्दल कार्डाची चिठ्ठी आहे, पण बिल नाही. म्हणजे ही रक्कम नाकारलेली नसून अडलेली आहे. तेव्हा दुरुस्तीला बसणाऱ्याने शब्दांना हात लावण्यापूर्वी कागदावर ही विभागणी करावी: मंजूर १२,८६०, पुराव्याअभावी प्रलंबित २,०००, नामंजूर २,१००, आणि बेरीज मूळ दाव्याशी जुळते की नाही ते पाहावे. ही विभागणी झाली की निम्मा कडवटपणा आपोआप ओसरतो, कारण जवळजवळ सतरा हजारांचा वाटलेला नकार प्रत्यक्षात एकवीसशेंचा निघतो.

त्यानंतर कारण. ‘धोरणानुसार’ हे कारण नव्हे; ते कारण कोठे ठेवले आहे याचा केवळ पत्ता आहे. कलमाचा क्रमांक द्यावा, पण त्याबरोबर कलम काय म्हणते ते एका वाक्यात सांगावे आणि त्याला लागूनच ज्या वस्तुस्थितीमुळे ते लागू झाले ती मांडावी. ‘आपण उल्लंघन केले’ हा माणसावरचा ठपका. ‘बिलातील दर ४,२०० आहे’ हे बिलाचे वर्णन. आदर राखण्यासाठी विशेषणांची पेरणी करावी लागत नाही. वाक्याचा कर्ता बदलला तरी पुष्कळ काम होते.

याहून नाजूक गोष्ट अपवादाची. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, तेव्हा बेताच्या दराची खोली मिळणे दुरापास्त होते, आणि अशा प्रसंगी खातेप्रमुखांच्या लेखी पूर्वसंमतीने जादा दर मान्य करण्याची तरतूद या कंपनीच्या नियमांत आहे. अशी संमती ‘आपण घेतली नाही’ असे हिशेबनिसाने लिहू नये, कारण ते त्याला ठाऊक नसते. ‘आमच्या दप्तरी आढळली नाही’ एवढेच तो प्रामाणिकपणे म्हणू शकतो. मात्र संमती मागाहून चालणार नसेल, तर तेही स्पष्ट लिहावे; खोटी आशा लावणे हा सौजन्याचा प्रकार नव्हे.

दुरुस्त मजकूर असा होईल. विषय: “नागपूर प्रवासखर्च: १२,८६० रुपये मंजूर, दोन बाबींचा खुलासा.” मजकूर: “आपल्या १६,९६० रुपयांच्या दाव्यापैकी १२,८६० रुपये मंजूर झाले असून ते या महिन्याच्या वेतनासोबत जमा होतील. जेवणखर्चाचे २,००० रुपये तूर्त प्रलंबित आहेत. जोडलेल्या कार्डाच्या चिठ्ठीवरून रक्कम दिल्याचे दिसते, परंतु ती कशासाठी दिली हे तपासण्यास तपशीलवार बिल लागते. ते २० जानेवारीपर्यंत पाठवल्यास ही रक्कम देता येईल. नियमांतील कलम ४ प्रमाणे नागपूरसाठी हॉटेलची मर्यादा रोज ३,५०० रुपये आहे आणि आपल्या बिलातील दर ४,२०० आहे. त्यामुळे तीन रात्रींचे मिळून २,१०० रुपये देता येत नाहीत. प्रवासापूर्वी खातेप्रमुखांची लेखी संमती मिळाली असल्यास ती याच मुदतीत पाठवावी, म्हणजे या रकमेचा फेरविचार करू. प्रवासानंतर घेतलेली संमती ग्राह्य धरता येत नाही.” आणि खाली हुद्द्यासह नाव व दूरध्वनी, म्हणजे विचारायचे कोणाला हेही कळते.

‘यापुढे नियम वाचूनच’ हे वाक्य मी पूर्णपणे गाळले आहे. ते एका दाव्याचा निकाल देत नाही, माणसाच्या वर्तनाचा निकाल देते, आणि तो अधिकार हिशेब खात्याकडे नाही. वरिष्ठांना प्रत पाठवण्याची प्रथाही, त्यांच्याकडून काही कार्यवाही अपेक्षित नसेल तर, सोडून द्यावी. तीच वाक्ये साहेबांच्या नजरेखालून गेली की वाचणाऱ्याला ती तक्रारीसारखी भासतात. पाठवण्यापूर्वी हा मजकूर नियमांशी परिचय नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला एकदा वाचायला द्यावा आणि किती रक्कम मिळणार, उरलेली का नाही व आता काय करायचे, एवढे त्याला विचारावे. तो जेथे अडखळेल, तेथे दुरुस्ती अजून बाकी आहे असे समजावे.