शनिवारचा रविवार करताना

छपाईच्या आणि डीटीपीच्या कामात वारंवार येणाऱ्या एका छोट्या दुरुस्तीबद्दल आज बोलायचं आहे. निमंत्रणपत्रिका तयार आहे, सगळीकडे पाठवायची आहे आणि ऐनवेळी कार्यक्रम एक दिवस पुढे जातो. मूळ फाईल मिळाली तर प्रश्नच नाही. म्हणून आधी ती मागावी. कोरेलची किंवा फोटोशॉपची थर असलेली फाईल हाती आली, तर दोन शब्द बदलायला दोन मिनिटं पुरतात. पण बहुतेक वेळा हाती उरतो तो व्हॉट्सॲपवरून आलेला जेपेग. त्यात अक्षरं आणि कागद वेगळे नसतात, सगळे नुसते रंगाचे ठिपके.

एक उदाहरण घेऊ. हातकागदासारख्या क्रीम रंगाच्या पार्श्वभूमीवर गडद मरून अक्षरांत एक ओळ आहे : शनिवार, दि. १४ जून, सायं. ५.३० वाजता. तिथे ‘रविवार, दि. १५ जून’ करायचं आहे. वेळ तीच.

आता हे काम एआयला सांगता येतं. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून जनरेटिव्ह फिल आहे, मोबाइलमध्ये नको ती वस्तू पुसणारी साधनं त्याच्याही आधी आली. नको असलेल्या अक्षराभोवती वेढा द्यायचा आणि ‘काढून टाक’ म्हणायचं. आजूबाजूचा कागद पाहून रिकाम्या जागेत काय असेल याचा यंत्र अंदाज बांधतं आणि तिथे नवे ठिपके भरतं. मोकळ्या जागी एकटं पडलेलं अक्षर असेल, तर हे काम काही सेकंदांत आणि खरोखर चांगलं होतं. जुन्या रंगीत फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली नारिंगी तारीख वाळूवर किंवा गवतावर पडलेली असेल, तर मी ती हाताने पुसत बसणार नाही. तसा अनियमित पोत हाताने भरताना तोच दगड, तीच काडी पुन्हा पुन्हा उमटते आणि डोळा ती लगेच पकडतो.

आपल्या ओळीत मात्र अडचण वेगळी आहे. पुसायचं अक्षर ठेवायच्या अक्षराला चिकटलेलं आहे. शिरोरेषा त्यांना जोडते. वेढा घट्ट दिला तर कडेचे मरून ठिपके बाहेर राहतात. जेपेग चित्राला आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत दाबतो, त्यामुळे गडद अक्षराच्या भोवती पुसटसा मळ उठलेला असतो. तोही मागे राहतो. ही उरलेली कड पाहून यंत्राला वाटतं की इथे अक्षरच असणार, आणि ते अक्षरासारखं पण कुठल्याच बाराखडीत नसलेलं काहीतरी काढून ठेवतं. वेढा सैल दिला तर शेजारच्या वेलांटीची कमान त्यात जाते आणि जराशी वेगळी होऊन परत येते. नवं अक्षरही यंत्रानेच लिहावं असं म्हटलं, तर मराठीत भरवसा आणखी कमी. रविवारचा वळणदार र येईल, पण शेजारच्या वार मधल्या र शी त्याचं वळण जुळेलच असं नाही. शिवाय पुन्हा सांगितलं की पुन्हा वेगळंच उत्तर येतं. ‘हेच ठेव, फक्त दोन ठिपके डावीकडे सरकव’ इतकी बारीक सूचना ते पाळेल याची खात्री नसते.

हाताने करायचं तर आधी ओळ नीट पाहावी. शनिवार आणि रविवार यांत ‘वार’ समान आहे. शनि आणि रवि दोन्हीत वेलांटी मधोमध उभी, तिच्या आधी एक अक्षर आणि नंतर एक. म्हणजे वेलांटीला हात लावायचाच नाही. श च्या जागी र हवा, न च्या जागी व हवा, आणि ही दोन्ही अक्षरं त्याच शब्दात पुढे ‘वार’ मध्ये आहेत. १५ मधला ५ हवा, तो ५.३० मध्ये त्याच आकारात आहे. एकही अक्षर नव्याने टाइप करावं लागत नाही. हा फायदा मोठा आहे, कारण पत्रिका श्री-लिपीच्या नेमक्या कुठल्या फॉन्टमध्ये आहे हे शोधण्यात तास जातो. फॉन्ट सापडला तरी नव्याने टाइप केलेलं अक्षर इतकं स्वच्छ दिसतं की दाबल्या गेलेल्या जुन्या अक्षरांशेजारी ते ठिगळासारखं उठून येतं. त्याच चित्रातून उचललेल्या अक्षराला तोच मऊपणा आणि तोच मळ असतो.

तर श पूर्ण पुसायचा. न मात्र फक्त शिरोरेषेच्या खाली पुसायचा. रेषा आणि वेलांटीची कमान जशीच्या तशी राहू द्यायची. हे पुसणं रिकाम्या थरावर करावं, म्हणजे मूळ चित्र खाली सुरक्षित राहतं. अक्षरांना लागून क्लोन स्टॅम्प वापरावा आणि कागदाचा नमुना त्याच उंचीवरून उचलावा. पार्श्वभूमी वरून खाली गडद होत असेल, तर दुसऱ्या उंचीवरचा कागद पट्ट्यासारखा दिसतो. हीलिंग ब्रश इथे घात करतो. तो कडेचा रंग आत मिसळतो, त्यामुळे वेलांटीचा मरून रंग कागदावर धुरासारखा पसरतो. तो मोकळ्या जागेसाठी ठेवावा.

मग र, व आणि ५ उचलून जागेवर आणायचे. त्यांच्याबरोबर कागदाचा चौकोनही येतो. तो घालवायला थराचा मिश्रण-मोड ‘डार्कन’ ठेवायचा. दोन्हींपैकी जे गडद ते दिसतं, म्हणून अक्षर राहतं आणि क्रीम कागद विरून जातो. ‘मल्टिप्लाय’ ठेवलात तर कागदावर कागद चढून गडद चौकट दिसू लागते. र ची रेषा वेलांटीच्या रेषेवर एखादा ठिपका चढवावी, नाहीतर मध्ये बारीक उभी फट उरते. र हा श पेक्षा अरुंद असल्याने डावीकडे थोडी जागा सुटते. ओळ मध्यावर असेल तर त्या जागेच्या निम्म्याने सगळी ओळ डावीकडे सरकवावी.

मी हे काम मिश्र पद्धतीने करतो. १४ मधला ४ एकटा उभा आहे, त्याला शिरोरेषा नाही. तो एआयने पुसून घेतला तरी चालतं. शनि मात्र हातानेच. एआयचा भराव वेगळ्या थरावर घेतला, की त्यातला बिघडलेला भाग मास्कने झाकता येतो.

शेवटी तपासणी. दुरुस्त चित्र मूळ चित्रावर ठेवून मोड ‘डिफरन्स’ करावा. जिथे काही बदललं नाही तिथे काळं दिसायला हवं. उजेड वाढवून पाहिलं की चोरून झालेले बदल वर येतात. ओळ सरकवली नसेल, तर हाताने केलेल्या कामात फक्त श, न आणि ४ च्या जागी उजेड दिसतो. काही ऑनलाइन साधनं मात्र सगळं चित्रच नव्याने दाबून परत देतात, मग खालच्या फोन नंबरांभोवतीही ठिपके उजळतात. अशा वेळी त्यांचा फक्त दुरुस्त तुकडा मूळ चित्रावर आणून बसवावा. त्या साधनांकडे चित्र पाठवताना पत्रिकेवरचे नंबरही दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातात. तेव्हा आधी तेवढी ओळ कापून तीच पाठवावी.

दुसरी तपासणी पोताची. ४०० टक्के मोठं करून पाहावं. एआयने भरलेली जागा बहुधा जास्त गुळगुळीत असते, हातकागदाचे तंतू तिथे अचानक थांबतात. मोबाइलवर हे दिसत नाही, छापल्यावर दिसतं. त्यावर थोडा नॉइज चढवला, की तो तुकडा आजूबाजूच्या कागदात मिसळतो. आणि तयार चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, म्हणजे ते पुन्हा दाबलं जात नाही.