कोळंबी कुणाला चालते?

वहीत दोन रकाने आखा: पापलेट आणि कोळंबी. दोन्ही वसईच्या मासळी बाजारात मिळतात.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या कोशर नियमानुसार माशाला पर आणि खवले हवेत. म्हणून पापलेट चालतं, कोळंबी नाही. पापलेटचे खवले बारीक असतात. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, हाताला लागतात. शाफई पंथाच्या कोकणी मुसलमानांना दोन्ही हलाल. हनफी पंथात मात्र कोळंबीवर मतभेद आहेत. वसईचे कॅथलिक ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मटण-कोंबडी टाळतात, मासळी चालते. जैनांना दोन्ही वर्ज्य, शिवाय जमिनीखालचा बटाटाही.

आता तिसरा रकाना कारणांचा. तो मात्र आपल्या वर्गमित्रांच्या घरी विचारूनच भरा.