आपल्याला हवा तो साक्षीदार

सुरतेत वाढलेल्या मराठी मुलाला एक प्रसंग चुकत नाही. इतिहासाच्या तासाला शिवाजी महाराजांनी सुरत लुटल्याचा धडा येतो आणि सारा वर्ग आपल्याकडे वळून पाहतो. त्या नजरेला उत्तर द्यायचे म्हणून मी पुढे मूळ साधने वाचू लागलो. म्हणजे उत्तर आधी ठरले होते, वाचन मागून आले.

१६६४ च्या जानेवारीतील पहिल्या स्वारीविषयीच्या दोनच साक्षी आज घेतो.

पहिली बर्नियेची. महाराजांनी कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोझ यांच्या मठाला हात लावला नाही, असे हा फ्रेंच प्रवासी लिहितो. हे मी वहीत ठळक उतरवले आणि भाषणांतून सांगितलेही.

दुसरी अँथनी स्मिथ या इंग्रज नोकराची. सुवालीहून शहरात येताना तो पकडला गेला आणि महाराजांच्या छावणीत कैदेत राहिला. त्याच्यासमोर कैद्यांचे हात आणि काहींची डोकी तोडली गेली, असे त्याने सुटल्यावर सांगितले. ‘इंग्रज, शिवाय कैदी, आकसाने बोलणारच,’ असा शेरा मारून मी पान उलटले.

पुष्कळ वर्षांनी वही चाळताना माझ्या लक्षात आले, की कडक उलटतपासणी मी फक्त स्मिथची केली होती. मग तेच प्रश्न दोघांना विचारले: तू कुठे होतास? स्वतः पाहिलेस की ऐकलेस? असे सांगण्यात तुझा लाभ काय? बर्निये त्या वेळी सुरतेत नव्हता. तो उत्तरेत दानिशमंदखानाच्या पदरी होता. त्याची गोष्ट ऐकीव. ती खोटी ठरत नाही, पण तिचे वजन उतरते. स्मिथ मात्र जागेवर होता. लुटीनंतर औरंगजेबाने वर्षभराची जकात माफ केली, तेव्हा नुकसानीचे आकडे फुगवण्यात व्यापाऱ्यांचा लाभ होता हे खरे. पण तोडलेल्या हातांमुळे जकात कमी होत नव्हती. माझा आक्षेप रकमेला लागू होता, या साक्षीला नव्हे.

इथे दुसरा मोह होतो: आता स्मिथचे सगळेच मानावे, म्हणजे आपण निःपक्षपाती दिसू. तेही वाचन नव्हे. किल्ल्यात दडलेल्या इनायतखानाने बोलणीसाठी माणूस पाठवला आणि त्याने भेटीत महाराजांवर शस्त्र उगारले, हेही इंग्रजांच्याच कागदांतून कळते. त्यानंतर छावणीत कैद्यांच्या कत्तलीची हाक उठली आणि महाराजांनी ती थांबवली. हे वाचल्यावर त्या दिवसाचा संताप समजतो. हात मात्र तुटलेलेच राहतात.

आता मी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढतो. डावीकडे, वाचण्याआधीच, मला काय सापडावेसे वाटते ते लिहितो. उजवीकडे काय सापडले तर मत बदलेन ते. सुरतेच्या पानावर उजवीकडे लिहिले होते, ‘छावणीत हजर असलेल्या माणसाची साक्ष’. ती मिळाली होती. म्हणून फादर अँब्रोझची गोष्ट मी आता ‘बर्नियेने ऐकली ती अशी’ या शब्दांनी सुरू करतो, आणि स्मिथची साक्षही त्याच भाषणात सांगतो.