लग्नपत्रिकेच्या पहिल्या चार ओळी

मी फौजेतून निवृत्त झालो, रायपूरला पंडरीत राहतो. ओळखीच्या मराठी घरांत लग्न ठरलं, की पत्रिकेचा मजकूर बघायला माझ्याकडे येतो. आज फक्त त्याच्या सुरुवातीबद्दल बोलतो.

मध्यंतरी एक ताई आल्या. यजमान नाहीत, मुलीचं लग्न. जुन्या पत्रिकेवरून मजकूर उतरवला होता: ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आमचे येथे श्रीकृपेकरून...’ तिथून सुरू झालेलं वाक्य तिथी, मुहूर्त, पत्ता सगळं पोटात घेऊन ‘शुभाशीर्वाद द्यावेत’पाशी संपत होतं. खाली निमंत्रक म्हणून दिरांचं नाव. ताईंचं नाव कुठेच नाही.

मी विचारलं, “बोलावतंय कोण?” त्या म्हणाल्या, “मीच की!”

मग तेवढंच लिहायचं. वर देवाचं स्मरण, मग नमस्कार, मग बातमी, मग विनंती. प्रत्येकाला एकच छोटी ओळ. तारीख, वेळ, स्थळ खाली वेगळं. आमचा मजकूर असा झाला:

॥ श्री गणेशाय नमः ॥
सप्रेम नमस्कार.
माझी मुलगी चि. सौ. कां. (नाव) हिचे लग्न ठरले आहे.
आपण सहकुटुंब यावे आणि दोघांना आशीर्वाद द्यावेत.
तिच्या बाबांचे आशीर्वाद आहेतच, आपलेही हवेत.

शेवटची ओळ ताईंची. खाली निमंत्रक म्हणून पहिलं नाव त्यांचं, मग दिरांचं. दीरही खूश.

‘आपण’ ठेवलं, कारण पत्रिका वडीलधाऱ्यांकडेही जाते. ‘सहकुटुंब’ ठेवलं, कारण ते सगळ्यांना कळतं. ‘श्रीकृपेकरून’ काढलं, कारण वर गणपतीचं नाव आलंच आहे. सोपं करायचं म्हणजे ओळखीचा शब्द हाकलायचा नाही, एकच गोष्ट दोनदा सांगायची नाही.

‘चि. सौ. कां.’ मात्र सांभाळून. ‘कां.’ म्हणजे कांक्षिणी, सौभाग्याची इच्छा करणारी. छापताना ‘कां.’ गळलं, तर उरतं ‘सौ.’, म्हणजे लग्न झालेली! मुलीला ही अक्षरं नको असतील, तर नुसतं नाव लिहा. काही अडत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण. अक्षरं जुळवणारा हिंदीभाषक असला, की सवयीने ‘ळ’चा ‘ल’ होतो. ‘मंडळी’ची ‘मंडली’, ‘वेळ’चं ‘वेल’. ‘अपना आशीर्वाद प्रदान करें’ हे मनात असलं, की मराठीतही ‘आशीर्वाद प्रदान करावे’ येतं. आपण आशीर्वाद देतो, प्रदान करत नाही. आणि ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ दीर्घ.

म्हणून छापण्याआधीचा कच्चा कागद घरी आणा. एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवायचं. वाचणारा जिथे दम घ्यायला थांबेल, तिथे पूर्णविराम द्या. आणि ऐकणाऱ्या आजीला विचारा, बोलावणं कुणाचं आहे. तिने बरोबर नाव सांगितलं, की छपाईला द्या.