फुटपाथ, पोट आणि राज्यघटना

राज्यघटनेतला मूलभूत हक्क डावलला गेला, तर न्यायालयात दाद मागता येते. मार्गदर्शक तत्त्वांसाठी तशी दाद मागता येत नाही. अनुच्छेद ३७ तसं स्पष्ट सांगतो. मग उपजीविकेचं साधन मिळावं, हे अनुच्छेद ३९ मधलं तत्त्व कागदावरच राहायचं का?

१९८१ साली मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवायचं ठरलं, तेव्हा ‘ओल्गा टेलिस’ खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा अर्थ त्या तत्त्वाच्या आधारे लावला. रोजगाराजवळचा आसरा गेला की पोट जातं, म्हणून उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.

मात्र हा हक्क निरपवाद नव्हता. सरकारने प्रत्येकाला काम द्यावं, असं न्यायालय म्हणालं नाही. उपजीविका हिरावायची तर कायद्याने ठरवलेली न्याय्य पद्धत पाळावी लागेल, एवढंच बंधन त्याने घातलं. माझ्या मते निकालाची ताकद आणि मर्यादा इथेच दिसतात. फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मिळाला नाही, तिथून हटवण्याचा महापालिकेचा अधिकार वैध ठरला. मात्र पावसाळा संपल्यानंतर महिनाभर, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या पाडायला मनाई झाली.