वर्ग माझा, संशोधनही माझे: मग दावा तपासायचा कसा?



कृतिसंशोधन आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी आलेले आहे. कोणाच्या बी.एड.मध्ये ते होते, कोणाच्या वरिष्ठ वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणात, कोणी नवोपक्रम स्पर्धेसाठी केले. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी बी.एड. चालवले आणि शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्यांची मोठी फळी उभी राहिली. या अहवालांचा शेवट मात्र मला फार सारखा वाटतो. पूर्वचाचणीची सरासरी, उत्तरचाचणीची सरासरी, दोन्हींमधला फरक आणि ‘उपक्रम परिणामकारक ठरला’ हे वाक्य. ते वाक्य खरे असेलही. ते खरे आहे हे वाचणाऱ्याने कशावरून मानायचे, एवढाच आज माझा विषय आहे.

विद्यापीठातली मंडळी म्हणतात, स्वतःच शिकवणारा आणि स्वतःच मोजणारा माणूस तटस्थ कसा राहील? शंका रास्त आहे, पण तिच्यावरून शिक्षकाचे संशोधन बाद करणे मला मान्य नाही. वर्गातला शिक्षक जे पाहतो ते बाहेरचा निरीक्षक पाहू शकत नाही. मात्र तो आत आहे म्हणूनच त्याने काही गोष्टी जास्तीच्या दाखवायला हव्यात. कोणत्या, ते एका उदाहरणावरून सांगतो. उदाहरण कल्पित आहे, पण आपल्या जिल्ह्यात कुठेही घडेल असे आहे.

पेठ तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, तिसरीचा वर्ग, वीस मुले. हातच्याच्या वजाबाकीवर काम करायचे आहे. दिवाळीपूर्वी वीस गुणांची चाचणी घेतली, सरासरी आली ८. खेळण्यातल्या दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन काही आठवडे शिकवले. फेब्रुवारीत पुन्हा चाचणी घेतली, सरासरी १०. अहवालात ‘दोन गुणांची वाढ’ असे लिहून झाले.

आता हजेरीपट उघडू. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्यातली अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात आणि काही मुले त्यांच्यासोबत जातात. समजा, अशी पाच मुले गेली आणि पहिल्या चाचणीत त्यांची सरासरी २ होती. वीस मुलांचे एकूण गुण १६०, त्यातून या पाचांचे १० वजा केले की राहिलेल्या पंधरा मुलांचे १५० उरतात. म्हणजे त्यांची सरासरी पहिल्याच दिवशी १० होती. एकाही मुलाचा एकही गुण वाढलेला नसताना ८ चे १० झाले! शिक्षकाने काही लपवलेले नाही, गणितही चुकलेले नाही. ज्यांनी दोन्ही चाचण्या दिल्या त्याच मुलांची तुलना करायची आणि गेलेल्यांची नोंद वेगळी दाखवायची, एवढे केले असते तर ही वाढ अहवालात आलीच नसती.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. आपण बहुधा वर्गातली सर्वांत कच्ची मुले निवडून उपक्रम करतो. पण एका चाचणीत तळाला गेलेल्या मुलांमध्ये त्या दिवशी ताप असलेला, प्रश्न न समजलेला, उपाशी आलेला असा कोणीतरी असतोच. पुढच्या चाचणीत तो आपोआप वर येतो आणि श्रेय उपक्रमाला मिळते. याला उपाय सोपा आहे. उपक्रमापूर्वी आठवड्याच्या अंतराने दोन चाचण्या घ्याव्यात. पहिलीवरून मुले निवडावीत आणि सुरुवातीची पातळी मात्र दुसरीवरून धरावी. सोबत घड्याळ वाचण्यासारखा, या काळात न शिकवलेला एखादा घटकही तपासावा. तोही तेवढाच वाढला असेल, तर वाढीचे कारण नोटा-नाण्यांबाहेर शोधावे लागेल.

पण केवळ गुण पाहून शिक्षकाला शिकवण्याबद्दल काही कळत नाही. ४२ मधून १७ वजा करताना मूल ३५ लिहिते, तेव्हा ते निष्काळजी नसते. त्याने एक नियम पक्का धरलेला असतो: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. म्हणून प्रश्न असे निवडावेत की प्रत्येक समजुतीचे उत्तर वेगळे येईल. ५० वजा २३ चे उत्तर २७. मोठ्यातून लहान काढणारा ३३ लिहील, शून्यातून काही जात नाही असे मानणारा ३० लिहील. हे तीन आकडे किती मुलांनी लिहिले याची नोंद सरासरीपेक्षा कितीतरी बोलकी असते.

इथून आराखडाधिष्ठित संशोधन सुरू होते. ॲन ब्राउन या मानसशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून वर्गात आल्या आणि १९९२ साली त्यांनी या पद्धतीची मांडणी केली. ढीगभर नोंदींमधून आपल्या मताला पोषक तेवढ्याच उचलण्याचा मोह संशोधकाला होतो, हा धोका त्यांनी तेव्हाच सांगितला होता. या पद्धतीत अंदाज आधी लिहून ठेवायचा असतो. आपल्या उदाहरणात तो असा: दहाची नोट मोडून सुटे घेतले की मुलाला हातचा कळेल. पहिल्या फेरीत समजा असे दिसले की नाण्यांवर उत्तर बरोबर येते, पण कागदावर पुन्हा ३५. म्हणजे अंदाज अर्धाच खरा ठरला. नोट मोडण्याची कृती आणि लिहिण्याची कृती यांची गाठच पडली नव्हती. दुसऱ्या फेरीत नोट मोडताक्षणी वहीत चारचा तीन आणि दोनचे बारा करायला लावले आणि शेवटी न शिकवलेले उदाहरण दिले, ४०३ वजा १५८. तिथे २४५ आले तर समज पुढे गेली, ३५५ आले तर जुना नियम अजून जिवंत आहे. पहिली फेरी अहवालातून गाळली, तर दुसरी कशासाठी केली हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. माझ्या मते अशा अहवालातला सर्वांत मोलाचा भाग हा फसलेल्या फेरीचा असतो, आणि स्पर्धेसाठी लिहिताना नेमका तोच कापला जातो. स्पर्धेच्या परीक्षकांनी तो मागून घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तरपत्रिका कोणी तपासायच्या? शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने. नावे आणि तारखा झाकाव्यात, आधीच्या आणि नंतरच्या उत्तरपत्रिका एकत्र मिसळाव्यात, म्हणजे हातातली उत्तरपत्रिका कोणत्या चाचणीची हे त्याला कळणार नाही. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. केंद्राची शिक्षण परिषद भरतेच, तिथे तासाभरात हे होते.

एवढे सगळे केल्यावरही दावा त्या वर्गापुरताच राहतो. साताऱ्याच्या कुमठे बीटचा अनुभव आठवा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी उभे केलेले काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर त्याचे अनुकरण गावोगावी झाले. वर्गांच्या फरशा रंगल्या, संख्यारेषा आणि तक्ते जमिनीवर आले. त्या शिक्षकांच्या आपसातल्या चर्चा, मुलाच्या चुकीवर थांबून विचार करण्याची त्यांची सवय, हे मात्र रंगाच्या डब्यातून नेता येत नव्हते. कुमठ्यात जे घडले त्याविषयी मला आदर आहे. माझे म्हणणे पुढच्या प्रवासाविषयी आहे: कोणत्या अटींवर ते घडले, हे उपक्रमासोबत लिहून गेले पाहिजे होते.

पेठच्या त्या वर्गात यश नोटा-नाण्यांचे होते की त्या शिक्षकाचे, हे त्या वर्गाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी ठरत नाही. त्यासाठी तो आराखडा, त्याच्या अटी आणि फसलेली पहिली फेरी असे सगळे टिपण सिन्नरच्या किंवा मालेगावच्या एखाद्या शिक्षकाच्या हाती पडायला हवे. मूळ शिक्षक शेजारी नसताना त्याने ते आपल्या वर्गात करून पाहावे. म्हणून आज ज्यांचे निबंध वाचले जाणार आहेत, त्यांनी संध्याकाळी निघण्यापूर्वी दुसऱ्या तालुक्यातला एक सहकारी गाठावा आणि आपले टिपण त्याच्या हाती द्यावे. त्याच्या वर्गात ते चालले नाही, तर कुठे अडले एवढे त्याने कळवावे.